भरलेली मोट, रिकामी मोट: सागरी प्रवाह आणि जेट प्रवाह वर्गात कसे शिकवावेत

एप्रिलमधला भूगोलाचा तास. बाहेर पारा बेचाळीसवर, वर्गातला पंखा गरम हवाच ढवळतोय, आणि फळ्यावर मी लिहितोय ‘गल्फ प्रवाह’. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, सोलापुरात समुद्र नाही, आम्हाला हे कशाला?” प्रश्न रास्त होता. मी त्याला उलट विचारलं, “सोलापूर 17.7 अंश उत्तरेला. इथे वर्षभरात सूर्याकडून जेवढी उष्णता येते, तेवढी परत आकाशात जात नाही. दरवर्षी शिल्लक राहते. मग सोलापूर दरवर्षी आणखी आणखी तापत का नाही? ती शिल्लक जाते कुठे?”

या प्रश्नापासून सुरुवात केली की प्रकरण सोपं जातं. विषुववृत्तापासून साधारण 35 ते 40 अंशांपर्यंतचा पट्टा कमाईत असतो आणि त्याच्या वर ध्रुवापर्यंतचा पट्टा तोट्यात. कमाईतून तोट्याकडे उष्णता वाहून नेणारे हमाल दोनच, समुद्र आणि हवा. पुस्तकात दोघांची नावं असतात, नकाशावर लाल-निळे बाण असतात, पण हमाली नेमकी कशी होते हे बहुतेक वेळा राहून जातं. मी हा भाग नववी ते अकरावीच्या मुलांना तीन तासांत घेतो. त्याचा क्रम पुढे देतो, आणि कुठे फसतं तेही.

आधी मोट

आमच्या वर्गात बरीच मुलं आसपासच्या गावांतून येतात. मोट त्यांनी चालताना पाहिलेली नसते, पण आजोबांकडून ऐकलेली असते. फळ्यावर विहीर काढायची, धाव काढायची, वर थारोळं काढायचं. मोट भरून वर येते, थारोळ्यात रिकामी होते आणि हलकी होऊन परत विहिरीत उतरते. आता विचारायचं, “मोट भरून वर आली आणि न ओतता तशीच भरलेली खाली गेली, तर पिकाला किती पाणी मिळालं?” शून्य, हे सगळी पोरं एका सुरात सांगतात.

हेच वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहून घ्यायचं: उष्णता किती पोहोचली हे जाणाऱ्या मोटेवरून कळत नाही, जाणारी आणि येणारी यांच्यातल्या फरकावरून कळतं. सागरी प्रवाह असो की जेट प्रवाह, पुढचं सगळं या एका वाक्यावर उभं आहे.

पहिला प्रयोग: काचेच्या पेटीतला समुद्र

माशांची काचेची पेटी उत्तम. नसेल तर दीड-दोन फूट लांबीचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा चालतो. त्यात दहा-बारा सेंटिमीटर साधं पाणी भरा आणि पंधरा-वीस मिनिटं हात न लावता ठेवा. पाणी खरंच स्थिर झालं की नाही हे बघायला शाईचा एक थेंब सोडा. तो सरळ खाली उतरला तर ठीक, वाकडातिकडा ओढला गेला तर आणखी थांबा. याच वेळी पंखा बंद करायला विसरू नका.

आता बर्फ जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा आणि पिशवी पेटीच्या एका टोकाला चिमट्याने अशी अडकवा की ती अर्धी पाण्यात राहील. हा ध्रुव. ड्रॉपरने पिशवीला टेकवून निळ्या शाईचे चार-पाच थेंब सोडा, आणि दुसऱ्या टोकाला पृष्ठभागावर खायच्या लाल रंगाचे. उन्हाळ्यात दुसऱ्या टोकाला वेगळी उष्णता लागत नाही, आपलं नळाचं पाणीच तिशीच्या पुढे असतं. डिसेंबरमध्ये करायचं असेल तर गरम पाण्याची छोटी बाटली त्या टोकाला वरच्या वर बुडवून ठेवा.

दोन-तीन मिनिटांत निळा रंग पिशवीवरून घसरत तळाला जातो आणि तळावरून पातळ चादरीसारखा पसरत दुसऱ्या टोकाकडे निघतो. त्याची जागा भरायला वरचं लाल पाणी हळूहळू बर्फाकडे सरकतं. मुलांना पेटीच्या बाजूने, डोळे पाण्याच्या पातळीवर आणून बघायला लावा. वरून बघणाऱ्याला नुसते रंग दिसतात, बाजूने बघणाऱ्याला वरची आणि खालची वाट दिसते.

पहिल्या वर्षी मी यात चूक केली. पाणी समुद्रासारखं हवं म्हणून लिटरला 35 ग्रॅम मीठ घातलं आणि निळ्या शाईचे बर्फाचे खडे पिशवीशिवाय थेट सोडले. निळं पाणी खाली जाईचना. वरच तरंगत राहिलं, निळा थर करून. तीस मुलं माझ्याकडे बघतायत आणि मी पेटीकडे. कारण नंतर डोक्यात आलं: बर्फ गोड्या पाण्याचा, त्याचं वितळलेलं पाणीही गोडं. ते गार असलं तरी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकंच, म्हणून बुडत नाही. आता हीच चूक मी मुद्दाम दुसरा प्रयोग म्हणून करतो. कारण उत्तर अटलांटिकबद्दलची शास्त्रज्ञांची काळजी नेमकी हीच आहे. तिथलं पाणी बुडतं ते गार आणि खारं असल्यामुळे. ग्रीनलंडचा बर्फ वितळून गोडं पाणी त्यात मिसळत गेलं, तर बुडण्याची ही क्रिया मंदावते.

शेवटी पंखा सुरू करा. वरचं लाल पाणी वाऱ्याच्या दिशेने पळायला लागेल, मग बर्फ कुठेही असो. समुद्राला ढकलणारे हात दोन आहेत, वरून वारा आणि खालून घनतेतला फरक, हे शब्दांत सांगण्यापेक्षा पंख्याच्या बटणाने जास्त कळतं.

अटलांटिकचा हिशेब

आता गणित. उदाहरण घ्यायचं ते उत्तर अटलांटिकमधल्या 26.5 अंश अक्षवृत्ताचं, कारण 2004 पासून तिथे फ्लोरिडापासून आफ्रिकेपर्यंत समुद्रात उपकरणं लावून सतत मोजणी चालू आहे. फ्लोरिडा आणि बहामा बेटांमधली एक गोष्ट मुलांना फार आवडते. तिथून गेलेल्या समुद्राखालच्या जुन्या टेलिफोन केबलवर अनेक वर्षं प्रवाह मोजला गेला. खारं पाणी विजेचं वाहक, ते पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातून वाहिलं की केबलमध्ये थोडा विद्युतदाब तयार होतो. दाब बघायचा, प्रवाह ओळखायचा.

त्या सामुद्रधुनीतून सेकंदाला साधारण 3 कोटी घनमीटर पाणी उत्तरेकडे जातं. इथे बहुतेक मुलं (आणि काही मार्गदर्शिकाही) थेट याच आकड्याला तापमानाने गुणायला धावतात. थांबवा त्यांना, मोट आठवायला सांगा. या पाण्यातलं बरंचसं पुढे वळतं आणि अटलांटिकच्या मधल्या भागातून पृष्ठभागाजवळूनच, कोमटपणा टिकवून दक्षिणेला परततं. ही भरून परतलेली मोट. तिचा उष्णतेच्या हिशेबात फारसा उपयोग नाही. खरी ओतली जाणारी मोट म्हणजे वरून गरम जाऊन उत्तरेला बुडून खोलातून गार परतणारं पाणी, आणि ते आहे सेकंदाला साधारण 1.7 कोटी घनमीटर.

वर जाणारं आणि खालून येणारं पाणी यांच्या तापमानात सुमारे 18 अंशांचा फरक धरू. एक घनमीटर पाणी म्हणजे ढोबळ 1,000 किलो. समुद्राच्या पाण्याची विशिष्ट उष्माधारकता ढोबळ 4,000 ज्यूल प्रति किलो प्रति अंश. मग फळ्यावर:

```
1.7 × 10^7 × 1000 × 4000 × 18 ≈ 1.2 × 10^15 W
```

म्हणजे 1.2 पेटावॅट. हा आकडा कुणाच्याच डोक्यात मावत नाही, म्हणून मी आपल्या फताटेवाडीच्या एनटीपीसी वीजकेंद्राशी तुलना करायला लावतो. त्याची क्षमता 1,320 मेगावॅट. भागाकार मुलांनी करायचा. उत्तर नऊ लाखांच्या वर येतं. नऊ लाख फताटेवाड्या, फक्त एका महासागराच्या एका अक्षवृत्तावर. भागाकारात शून्यं चुकतातच, तेव्हा घातांकात करून घ्या.

पुढे एक बारीक मुद्दा आहे, तो टाळू नका. वर्तमानपत्रात ‘गल्फ प्रवाह थांबणार’ असे मथळे येतात. गल्फ प्रवाहाचा मोठा भाग वारा आणि पृथ्वीचं फिरणं यांवर चालतो, आणि वारे वाहतायत तोवर तो वाहणारच. धोका आहे तो बुडणाऱ्या मोटेला. मुलांना पंखा आणि बर्फ दोन्ही पाहिलेले असल्याने हा फरक त्यांना लगेच समजतो.

जेट प्रवाह: इथे बाण फसवतो

दुसऱ्या तासाला मी जेट प्रवाह काढतो आणि सरळ विचारतो, “हा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. मग उत्तरेला उष्णता कशी नेतो?” गल्फ प्रवाहाचा बाण निदान उत्तरेकडे तोंड करून असतो. जेटचा बाण आडवा. शांतता पसरते, आणि ती पसरायलाच हवी.

आधी तो तयार कसा होतो ते. गरम हवा फुगते, म्हणून दक्षिणेकडचा हवेचा थर जाड आणि उत्तरेकडचा पातळ. दहा किलोमीटर उंचीवर उभं राहिलात तर दक्षिणेला तुमच्या डोक्यावर अजून बरीच हवा शिल्लक, उत्तरेला कमी. म्हणजे त्या उंचीवर दाब दक्षिणेला जास्त. हवा उत्तरेकडे ढकलली जाते, पण पृथ्वी फिरत असल्याने उत्तर गोलार्धात ती उजवीकडे वळते, वळत वळत शेवटी पूर्वेकडे वाहू लागते. जिथे तापमानाचा उतार सर्वांत तीव्र, तिथे वारा सर्वांत जोरात. म्हणून हिवाळ्यात जेट जास्त वेगवान, ताशी 200-300 किलोमीटर सहज, कधी त्याहून जास्त. हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920 च्या दशकात जपानमध्ये फुगे सोडून हे वारे मोजले आणि अहवाल एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत लिहिला. जगाने तो वाचला नाही, यात नवल काय!

आता मुख्य गोष्ट. जेट अगदी सरळ रेषेत वाहत असेल तर उत्तरेला जवळपास काहीच उष्णता पोहोचत नाही. तो दोन खोल्यांमधल्या भिंतीसारखा असतो. पण तो सरळ राहत नाही, नागमोडी होतो. नागमोडीची एक बाजू दक्षिणेची गरम हवा उत्तरेला चढवते, दुसरी बाजू उत्तरेची गार हवा दक्षिणेला उतरवते. वर भरलेली, खाली रिकामी. समुद्रात मोट उभी चालते, वरून खाली. मध्य अक्षवृत्तांच्या हवेत ती आडवी चालते, शेजारी शेजारी. फरक इतकाच, पण तो कळला की नकाशावरची जेटची वळणं एकदम अर्थपूर्ण होतात.

याचाही हिशेब घ्या. 45 अंशांवर पृथ्वीचा परीघ सुमारे 28,000 किलोमीटर. अर्ध्या परिघावर, म्हणजे 14,000 किलोमीटरवर, हवा उत्तरेला जाते आणि उरलेल्या अर्ध्यावर परत येते असं मानू. जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण 10,000 किलो हवा असते. तिचा उत्तर-दक्षिण वेग सरासरी सेकंदाला 4 मीटर आणि जाणारी हवा येणाऱ्या हवेपेक्षा 5 अंशांनी गरम धरू. हवेची विशिष्ट उष्माधारकता ढोबळ 1,000.

```
1.4 × 10^7 × 10000 × 4 × 1000 × 5 = 2.8 × 10^15 W
```

वेग आणि फरक मी ढोबळ निवडलेत, हे मुलांना सांगा. शिवाय बाष्पातून जाणारी उष्णता यात धरलेली नाही. तरीही गणिताचं उत्तर अटलांटिकच्या आकड्याच्या दुपटीवर गेलं. सगळं मिळून या अक्षवृत्तांवर ध्रुवाकडे पाच-साडेपाच पेटावॅट उष्णता जाते आणि तिचा मोठा वाटा हवेचा असतो. वर्गात आधी हात वर करून मत घ्या, समुद्र जास्त नेतो की हवा. बहुतेक समुद्र म्हणतात. उष्ण कटिबंधात समुद्राचा वाटा खरंच मोठा असतो, पण वर सरकावं तशी हवा बाजी मारते.

दुसरा प्रयोग: फिरता टब

साहित्य फार नाही: केक सजवायचं फिरतं स्टँड, त्यावर मावेल असा सपाट तळाचा पांढरा टब (फूटभर व्यासाचा), आणि मधोमध ठेवायला बर्फ भरलेला पत्र्याचा डबा. डब्यात बर्फासोबत थोडं पाणी घाला, नाहीतर तो तरंगून कलंडतो. टबात पाच-सहा सेंटिमीटर पाणी. डबा म्हणजे ध्रुव, टबाची कड म्हणजे आपण.

आधी न फिरवता डब्याजवळ निळी शाई सोडा. ती बुडून सगळीकडे सारखी पसरते, गोल फुलासारखी. मग पाणी बदलून खरा प्रयोग. टब वरून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने, दर 8 सेकंदांना एक फेरा या गतीने फिरवायचा. फिरवणाऱ्या मुलांची जोडी ठेवा आणि कुणीतरी सेकंद मोजत राहू द्या. टबाच्या कडेवर खडूची खूण असली की गती कळते. पाण्यावर कागदाचे चार कपटे टाका. सुरुवातीला ते मागे राहतात. टबाबरोबर अगदी चिकटल्यासारखे फिरू लागले की पाणी तयार झालं असं समजा, याला दहा मिनिटं तरी लागतात. तेव्हाच डब्याजवळ निळा आणि कडेला लाल रंग सोडा.

आता फूल उमलत नाही. निळ्या रंगाच्या जिभा कडेकडे येतात, त्यांच्या मधून लाल रंग आत शिरतो, आणि तीन-चार वळणांची नागमोडी दिसते. तीच आपली आडवी मोट. टबाबरोबर फिरणारा मोबाइल वर बसवता आला तर व्हिडिओत हे फार सुंदर दिसतं.

हा प्रयोग तीनदा केला तर एकदा फसतो. हाताला हिसका बसला की कपटे टबाच्या पुढे-मागे सरकतात आणि रंग एकजीव होऊन जांभळा काला होतो. तसं झालं तर ओढून न्यायचं नाही, पाणी टाकून परत सुरू करायचं. फार हळू फिरवला तर जिभा येतच नाहीत, निळा रंग पुन्हा गोल पसरतो. तेही दाखवण्यासारखं आहे: विषुववृत्ताजवळ पृथ्वीच्या फिरण्याचा वळवणारा परिणाम क्षीण असतो, म्हणून तिथे हवेची मोट उभीच चालते, समुद्रासारखी.

तिसरा तास: पडद्यावर आजचं आकाश

शाळेत प्रोजेक्टर असेल तर हे दोन पत्ते उघडा. पहिल्यावर साधारण दहा किलोमीटर उंचीचे आजचे वारे, दुसऱ्यावर समुद्राचे प्रवाह.

```
earth.nullschool.net/#current/wind/isobaric/250hPa/orthographic
earth.nullschool.net/#current/ocean/surface/currents/orthographic
```

जेटची वळणं दिसली की `Height` मध्ये `500` निवडा आणि `Overlay` मध्ये `Temp`. गरम रंगाची जीभ उत्तरेला आणि गार रंगाची दक्षिणेला गेलेली दिसते, टबात दिसली तशीच. तापमानासाठी 250 वर थांबू नका. त्या उंचीवर कुठे तपांबर संपलेलं असतं, कुठे नसतं, त्यामुळे रंग उलटसुलट दिसतात आणि मुलं गोंधळतात.

नेट नसेल तर सकाळीच दोन-चार चित्रं मोबाइलवर साठवून आणा. मी वहीत एकच काम देतो: दक्षिणेहून उत्तरेला जाणाऱ्या प्रत्येक वळणावर ‘भ’ लिहा, उत्तरेहून उतरणाऱ्यावर ‘रि’. भरलेली आणि रिकामी. कुणी आडव्या सरळ तुकड्यावर ‘भ’ लिहिलं, तर त्याला मोट परत शिकवायची आहे.

एक इशारा. रत्नागिरी आणि सोलापूर जवळपास एकाच अक्षवृत्तावर, तरी मे महिन्यात दुपारी दोन्हीकडे सात-आठ अंशांचा फरक. मुलं याचं श्रेय लगेच सागरी प्रवाहाला देऊन टाकतात. तसं नाही, तो शेजारी समुद्र असल्याचा परिणाम आहे. पाणी हळू तापतं आणि वारा ते गारपण किनाऱ्यावर आणतो, त्यासाठी प्रवाह वाहायला लागत नाही. लंडनच्या सौम्य हिवाळ्यातही असाच मोठा भाग समुद्रावरून येणाऱ्या पश्चिमी वाऱ्यांचा आहे, एकट्या गल्फ प्रवाहाचा नाही.

गेल्या वर्षी याच तासाला एका मुलीने विचारलं, “सर, अरबी समुद्राच्या उत्तरेला तर जमीनच आहे. मग आपली मोट कुठे ओतते?” मी खुर्चीवरून उठलो आणि जुलैची तारीख लावली. हिंदी महासागराला उत्तरेची वाट बंद, म्हणून त्याची जास्तीची उष्णता विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जाते. पावसाळ्यातले वारे वरचं गरम पाणी तिकडे लोटतात आणि सोमालियाच्या किनाऱ्याशी खालचं गार पाणी वर येतं. आकाशातही तेव्हा उलटं चित्र असतं. पश्चिमी जेट हिमालयापलीकडे गेलेला आणि दक्षिण भारतावर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा दुसराच जेट, ज्यावर भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी 1958 मध्ये लिहिलं. मी पडद्यावर सोलापूरवर बोट ठेवलं. रेषा उजवीकडून डावीकडे सरकत होत्या. तिने वहीत तिथे ‘भ’ही लिहिला नाही, ‘रि’ही नाही. नुसता आडवा बाण काढला आणि पुढे प्रश्नचिन्ह.